गर्दी कमी करून बघ

बीडमध्ये आम्हा दोघांचं कॉम्प्युटर जुळवायचं दुकान आहे. आम्ही दोघंही शिरूर कासारचे, एकाच शाळेतले. माझ्या जोडीदाराचे आईबाप ऊसतोडीला गेले की सहा महिने तो आमच्या घरी जेवायचा. हे आधी सांगतोय, कारण पुढे मी जे बोललो त्याची लाज मला इथूनच वाटते.

त्या दुपारी आमचे जुने गिऱ्हाईक मेडिकलवाले कॉम्प्युटर काखेत मारूनच आत शिरले. हा पन्नाशीचा माणूस दोन ते चार दुकान बंद ठेवून शहरात मोकळं हिंडायचे गेम खेळतो, आम्ही त्यावरून त्यांना छेडायचोही. त्या दिवशी छेडायची सोय नव्हती.

"तुमी कार्ड बदललं," ते म्हणाले. "नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं तेव्हा ऐंशी दाखवलं. आता एकतीस! चित्र अडखळतंय. मधी फक्त एकदा धूळ काढायला दिलतं."

ऐंशी म्हणजे कार्ड सेकंदाला पडद्यावर काढतं ती चित्रं. ती मीच दाखवली होती. आणि धूळ काढली त्या दिवशी मी कडा गावाला गेलतो, कॉम्प्युटरचा डबा जोडीदारानं एकट्यानं उघडलेला.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसलेली. माझं डोकंच फिरलं.

"काय केलंस बे?" मी ओरडलो. "दुसरं कार्ड घातलंस ना? खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?"

त्यानं पेचकस घेतला, डब्याचं झाकण काढलं, कार्ड बाहेर ओढून माझ्यापुढे धरलं. बिलावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर, एकच.

"मग एकतीस कावून?" मेडिकलवाले अडून बसले.

त्यानं कार्ड परत बसवलं, गेम लावला आणि विचारलं, "तुमी कुठवर आलात गेममधी?"

"परवा शहरात पोचलो. आधी माळरानातच होतो."

त्यानं बाजाराच्या चौकात गाडी उभी केली. एकतीस. मग चित्राचा आकार, रिझोल्युशन, पार खाली आणला. कार्डाला दम लागत असता तर काम हलकं झाल्यावर आकडा उसळला असता. बत्तीस. कार्डाला निम्मंच काम मिळत होतं.

"प्रोसेसरही साठच टक्के दिसतोय," मी हळूच म्हणालो.

"ती सरासरी झाली." त्यानं प्रत्येक कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या प्रत्येक कामकऱ्याचा, आलेख वेगळा उघडला. एक कोअर शंभराला टेकलेला, बाकीचे त्याच्यासाठी थांबलेले.

त्यानं गेमच्या सेटिंगमधली गर्दीची पट्टी 'खूप'वरून 'कमी'वर ओढली. फुटपाथवरची माणसं विरळ झाली. त्यातल्या प्रत्येकानं कुठं चालायचं, कुणाला चुकवायचं, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. आकडा त्रेचाळीस झाला. मग किती लांबवरचं दिसावं ती पट्टी निम्म्यावर आणली, म्हणजे प्रोसेसरनं कार्डाला काढायला सांगायच्या वस्तूच कमी. लांबच्या इमारती लवकर साध्या आकाराच्या व्हाव्यात अशीही सेटिंग केली. बावन्न. गाडी गुळगुळीत चालायला लागली.

"कार्ड लई चांगलं हाय," तो मेडिकलवाल्यांना म्हणाला. "प्रोसेसर जुना हाय. आमीच तेव्हा सांगायला पायजे होतं."

'आमी' म्हणाला. खरं तर मीच. जुळणी झाली की गिऱ्हाइकाला गेम चालवून दाखवायची आमची रीत, आणि मी तो कायम माळरानात दाखवायचो. तिथं चिटपाखरू नसतं, आकडा दणक्यात येतो, गिऱ्हाईक खूश. त्यानं मला दोनदा सांगितलेलं, "अरे, बाजारात उभं करून दाखव. तिथं कळतं." मी हसण्यावारी नेलं होतं.

मी सगळ्यांसमोर माफी मागितली. चूक माझी, हेही सांगितलं. मेडिकलवाले ओशाळले, म्हणाले, "अहो, होतं असं." तो म्हणाला, "ठीक हाय," आणि पुढचा कॉम्प्युटर उघडायला घेतला. माझा जीव भांड्यात पडला. सुटलो, असं मला खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक कार्ड दुरुस्तीला आलं. कामाला हात घालायच्या आधी त्यानं मला काउंटरवरून हाक मारली. कार्ड माझ्या डोळ्यांपुढे धरलं.

"नंबर वाच."

"कशाला रे?"

"वाच. मोठ्यानं."

मी वाचला. त्यानं वहीत लिहून घेतला. काम झाल्यावर पुन्हा हाक मारली, पुन्हा वाचायला लावला.

याला आता तीन वर्षं झाली. आम्ही अजून एकाच डब्यातून जेवतो, तो हसतो, माझ्या पोरांना खाऊ आणतो. मी गेम बाजारातच लावून दाखवतो. कितीदा म्हटलं, "बास की आता, विसर." तो वही पुढे ओढतो.

आज सकाळीही एक कार्ड आलं. त्यानं ते माझ्यापुढे धरलं, आणि मी नंबर वाचला.