मेनूतली रिकामी ओळ

आमचे काका एका साखळी कॉफी दुकानाचे फ्रँचायझी मालक. कंपनीच्या हँडबुकाबाहेर ते शिंकतसुद्धा नाहीत. पाटी, कप, कॉफीचं माप, सगळं तंतोतंत. तरी यंदा तपासणीला आलेल्या बाईंनी गुण कापले.

"चुकलं काय?" काका गोंधळले.

"मेनूतली शेवटची ओळ रिकामी आहे. तिथे तुमच्या गिऱ्हाइकांना आवडेल असा एक पदार्थ ठेवायचा, आमची मंजुरी घेऊन."

"कोणता?"

"ते तुम्हीच ठरवायचं."

बाई गेल्या. काका हँडबुकात उत्तर शोधू लागले. हँडबुकात!

तेवढ्यात शेजारचे आजोबा आले. रोजच्यासारखंच विचारलं, "बिनसाखरेचं बिस्कीट ठेवलंत का हो?"

काकांनी मान वर न करताच सांगितलं, "नाही हो, मेनूत नाही. आणि आत्ता बोलू नका, मी महत्त्वाचं शोधतोय."