बारा नंबरचा कोपरा

इंजेक्शनच्या कारखान्यात तिला सगळे 'पुरावाताई' म्हणत. नवं यंत्र आलं की ते खरंच कामाचं आहे हे चाचण्या घेऊन कागदावर सिद्ध करायचं, हे तिचं काम. घरी भाजी गरम केली तरी ती चमचा भांड्याच्या कोपऱ्यात खुपसून तिथंही गरम झालीय का बघायची. लेक म्हणायची, "आई, भाजी आहे गं, इंजेक्शन नाही!" ती हसायची, पण चमचा काही काढायची नाही.

अठरा वर्षांपूर्वी बाटल्या वाफेनं निर्जंतुक करायच्या जुन्या यंत्राची चाचणी होती. तळाच्या कोपऱ्यात पाणी निघून जातं त्या भोकापाशी बारा नंबरचा तापमापक होता, तो कमी दाखवत होता. तिच्या साहेबांनी लिहिलं, 'तापमापक बिघडला असावा,' आणि उरलेल्या अकरांची सरासरी काढली. खाली सही हिची. बाटल्या बाहेर गेल्या. त्यातलं औषध कुणाच्या दंडात गेलं, काही कळलं नाही. साहेब वारले; तो 'असावा' मात्र हिच्या उशाशी ठाण मांडून बसला.

आता नवं यंत्र आलं आणि चाचणीचा आराखडा हिलाच लिहायचा होता. लिहिलं: बारापैकी प्रत्येक ठिकाणी तापमान सलग पंधरा मिनिटं १२१ अंशांखाली जायचं नाही. चाचणीसाठी मुद्दाम जंतू लावून आत ठेवलेल्या पट्ट्यांतला एकही जंतू जगायचा नाही. अशा लागोपाठ तीन फेऱ्या. चुकलं तर थांबायचं, त्याच दिवशी नोंद करायची, गुणवत्ता विभागानं कारण शोधून सही केल्याशिवाय पुढची फेरी नाही. आकडा बघून निकष बदलायचा नाही.

व्यवस्थापक म्हणाले, "ताई, 'प्रत्येक'च्या जागी 'सरासरी' करा ना. एक शब्द तर आहे!"

"त्या एका शब्दात बारावा लपतो, साहेब."

कुरकुरत का होईना, त्यांनी सही केली.

दोन फेऱ्या सुरळीत गेल्या. तिसरीला बारा नंबर ११९.६.

तापमापक जोडणारा वायरवाला सहज म्हणाला, "बिघडला असावा, ताई."

तोच शब्द, तोच कोपरा. व्यवस्थापक घड्याळ बघत होते. सोमवारी उत्पादन सुरू करायचं होतं.

"असावा नको. तपासा," ती म्हणाली आणि नोंदीचा फॉर्म ओढला.

तापमापक तपासला, तो अचूक निघाला. पाणी सोडणारी झडप अडकली होती, तळाशी पाणी साचत होतं. दुरुस्ती झाली, गुणवत्ता विभागाची सही झाली, आणि तिन्ही फेऱ्या पहिल्यापासून घेतल्या. बारा नंबर प्रत्येक वेळी १२१च्या वर. पट्ट्यांत एकही जंतू जगला नाही.

सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. ती मात्र कागदपत्रांच्या खोलीत गेली, जुनी फाइल काढली आणि एक कोरा फॉर्म घेतला. तारीख आजची. यंत्र: जुनं. काय चुकलं: बारावं माप वगळलं. कुणी: साहेबांनी आणि मी.

पुढचा रकाना होता, 'मालावर झालेला परिणाम'. तिथं तिने लिहिलं, 'माहीत नाही. शोधावं,' आणि फॉर्म स्वतःच्या हाताने गुणवत्ता विभागाच्या टेबलावर नेऊन ठेवला.