समासातलं भोक

बेलापूरच्या भूसंपादन कचेरीत जुन्या फायली वीस वर्षं सांभाळणाऱ्या गोटीरामच्या डोळ्यांत स्कॅनिंगसाठी नव्याने आलेली मंजुषा सलायची. साहेब उठता-बसता म्हणायचे, "मंजुषाचा स्कॅनर आला आणि रेकॉर्डचं सोनं झालं!" म्हणजे आजवर काय शेण होतं?

सत्त्याण्णव साली त्याला संधी मिळाली. एका शेतकऱ्याच्या हरकतीचं पान पडद्यावर तिरकं आलं होतं. जाड फायलीमुळे स्कॅनरचं झाकण नीट बसलं नव्हतं, म्हणून कडेला काळा पट्टा पडला होता आणि समासातला शेरा त्यात अर्धा बुडाला होता. शेऱ्यातल्या सर्व्हे नंबरावर तर चक्क काळा गोळा होता.

"मशीनला समास वाचता येत नाय, साहेब," म्हणत गोटीरामने मूळ फाईल ऐटीत टेबलावर आपटली.

साहेबांनी पान उघडलं. शेरा स्वच्छ दिसत होता. नंबराच्या जागी मात्र पंचिंग मशीनचं गोल भोक होतं.

"हे कोणी पाडलं?"

मंजुषाने फायलीचं कव्हर उलटून दाखवलं. 'पानं पंच करून फाईल लावली' या ओळीखाली गोटीरामची वळणदार सही होती, आणि ती अगदी स्पष्ट वाचता येत होती.