वन्संची शेवटची दुरुस्ती

माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, जाहिरात कंपनीत मुद्रितशोधक होत्या. चूक दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. एकदा बिस्किटांची जाहिरात आली. इंटरनेटवरच्या विनोदांत गाजलेला, तिरक्या डोळ्यांनी बघणारा कुत्रा आणि भोवती रंगीत अक्षरांत त्याच्या मनातले उद्गार: ‘मच क्रिस्पी’, ‘व्हेरी बिस्किट’, ‘वॉव’. वन्संनी त्याचं ‘व्हेरी क्रिस्पी’, ‘मेनी बिस्किट्स’ केलं आणि कुणाला न विचारता छपाईला धाडलं. फलक शहरभर लागले, पण कुणी हसलंच नाही.

“ताई, चूक हाच विनोद होता!” चित्रकार मुलगी रडकुंडीला आली. “व्हेरीपुढे विशेषण हवं, तिथे मुद्दाम नाम टाकायचं. मचपुढे नाम हवं, तिथे विशेषण. वाचणाऱ्याला बरोबर काय ते ठाऊक असतं, म्हणून तर ते भाबडं कुत्रं गोड वाटतं. तुम्ही त्याला शाळेत घातलंत!”

“मग आधी सांगायचं ना मला.”

“सगळ्या जगाला माहीत आहे, ताई.”

साहेबांनी वन्संना घरी बसवलं. निरोपाच्या कार्डावरही तोच कुत्रा होता: ‘मच करेक्ट. व्हेरी एक्झिट. वॉव.’

वन्संनी ते माझ्यापुढे धरलं. “एक्झिट नाम आहे, म्हणून व्हेरी लावलंय. अगदी बरोबर चुकलेत हो, वहिनी.”

“म्हणजे कळला विनोद?”

“कळला की. हसू तेवढं येत नाही.”

त्यांनी सवयीने लाल पेन उघडलं आणि कुठेही न टेकवता पुन्हा टोपण लावलं.