नऊ संदर्भ

बीदरच्या कॉलेजात नलिनीबाईंना भिणारे प्राध्यापक अजून आहेत, आणि त्या निवृत्त होऊन सात वर्षं झाली. कारण साधं आहे. बाई ग्रंथपाल होत्या, आणि कुणीही प्रबंध लिहिला की मागची संदर्भांची यादी तपासायला त्यांच्याकडे यायची. एकदा एका मोठ्या गृहस्थांनी ज्या पानाचा हवाला दिला होता, ते पान त्या पुस्तकात नव्हतंच. पुस्तक दोनशे चाळीस पानांचं आणि हवाला दोनशे पंच्याऐंशीव्या पानाचा. बाईंनी प्रबंध परत पाठवला आणि सोबत पुस्तकही पाठवलं. ते गृहस्थ पुढे वर्षभर वाचनालयाची पायरी चढले नाहीत म्हणतात.

मॅट्रिक झालेली ही बाई कारकून म्हणून लागली, कलबुर्गीला परीक्षा देत देत तिनं ग्रंथालयशास्त्राची पदवी मिळवली आणि पस्तीस वर्षं एकाच खोलीत काढली. घरी कन्नड, बाजारात दख्खनी, वाचनालयात मराठी आणि वाचायला इंग्रजी. यजमान रामाचार्य शाळामास्तर, तेही आता घरीच. वरवर बघाल तर सांगण्यासारखं काहीच नाही. सुधारानीलाही त्या सोमवारपर्यंत असंच वाटत होतं.

सुधारानी त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला तुरीवर काम करायचं होतं. तिचं माहेर बीदर जिल्ह्यातल्याच कोहिनूर गावचं. तिथं तिची आई मल्लव्वा दरसाल घरचंच बी पेरते. जमिनीतल्या बुरशीनं होणारा मर रोग आला की शेजारच्या शिवारातली तूर फुलोऱ्यात उभीच्या उभी वाळते, आणि मल्लव्वाच्या पट्ट्यात बरीचशी हिरवी राहते. असं का, हे सुधारानीला प्रयोग करून बघायचं होतं, आणि त्यासाठी अनुदान हवं होतं. तरुण संशोधकांसाठीची योजना होती, वयाची अट चाळीस. डिसेंबरात ती चाळीस ओलांडणार होती. म्हणजे ही शेवटची खेप.

पहिल्या खेपेला अर्ज नामंजूर झाला तेव्हा शेरा आला होता: ‘विधानांना पुरेसा आधार नाही.’ सुधारानीनं तो शेरा मनाला लावून घेतला. शिकल्यासवरल्या माणसाला आधार कमी म्हटलं की तो आधारांचा ढीग घालतो. तिनंही यंदा चौतीस संदर्भ घातले. अडचण अशी, की अर्जाला दीड हजार शब्दांची मर्यादा होती आणि संदर्भांची यादीही त्यातच मोजली जायची. एक शब्द जास्त झाला तर संगणक अर्ज घेतच नव्हता. यादीनंच सातशेच्या वर शब्द खाल्ले. मग जागा करायला तिनं आपलाच मजकूर कापत आणला, आणि तरी साठ शब्द जास्तच होत होते. शुक्रवारी पाच वाजता मुदत संपणार होती. सोमवारी दुपारी ती कागद घेऊन बाईंच्या दारात उभी राहिली.

“साठच शब्द काढायचेत बाई,” ती म्हणाली.

बाईंनी चष्मा पुसला, कागद मांडीवर घेतले आणि सगळं एकदा शांतपणे वाचलं. मग विचारलं, “ह्यात तू कुठं आहेस गं?”

“म्हणजे?”

“दुसऱ्यानं काय केलं ते सांगायलीस. तू काय करणार, ते चार ओळीत उरकलंस. दोन वर्षं अव्वाच्या शेतात झाडं मोजलीस म्हणालीस ना? ती मोजणी कुठं गेली?”

“जागा नव्हती म्हणून काढली.”

बाईंनी ज्या नजरेनं बघितलं त्यानं सुधारानीचे कान तापले. स्वतःच्या घामाची मोजणी काढून लोकांची नावं ठेवली होती तिनं.

मग बाईंनी जे केलं ते सुधारानी अजून वर्गात सांगते. त्यांनी एका संदर्भावर अंगठा ठेवला, तो झाकला आणि वाक्य मोठ्यानं वाचलं. ‘तूर हे या भागातलं महत्त्वाचं कडधान्य आहे.’ “ह्याला साक्षीदार कामून पाहिजे? तपासणाऱ्याला तूर ठावं न्हाई का?” तीन संदर्भ गेले. पुढच्या वाक्यावर अंगठा. ‘ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते.’ इथं पाच लेख एका कंसात दाटीवाटीनं बसले होते. “पाचीजण एकच सांगायलेत. सगळ्यांचं एकत्र बघून लिहिलेला अलीकडचा एक ठेव, त्यात बाकीचे आलेच.” चार गेले. कार्यपद्धतीपाशी मात्र त्यांनी अंगठा उचलला. रोगाची तीव्रता मोजायची पद्धत दुसऱ्याची होती, तिथं संदर्भ नसता तर उसनं आपलं म्हणून खपवल्यासारखं झालं असतं. आकडा, वादाचा मुद्दा आणि उसनी पद्धत, एवढ्या ठिकाणी त्या हटून बसायच्या. बाकी सगळं अंगठ्याखाली जात होतं.

उरलेल्या नोंदीही त्यांनी आखडल्या. नियमावली आधी दोनदा वाचली. लेखाचं शीर्षक देणं बंधनकारक नव्हतं आणि मजकुरात लेखकाच्या नावाऐवजी क्रमांक चालत होता. पहिला लेखक, नियतकालिक, वर्ष, खंड, पान. एकवीस शब्दांची नोंद बारांत बसली. सुधारानीला वाटलं, झालं.

पण पहिल्याच परिच्छेदात अर्जाचा कणा होता: ‘बीदर जिल्ह्यात मर रोगामुळे तुरीचं सत्तर टक्के नुकसान होतं.’ त्याला तीन संदर्भ होते. बाईंचा अंगठा तिथं थांबला.

“तिघांनी येगयेगळं मोजलं, का एकाचंच ऐकून लिहिलं?”

तिन्ही लेख सुधारानीनं वाचले होते, पण त्यांच्या मागे काय आहे ते बघितलं नव्हतं. दोघींनी तिथंच फोनवर शोधलं. २०१५चा लेख २००१च्या लेखाकडे बोट दाखवत होता. तिसराही त्याच २००१च्या लेखाकडे. आणि २००१चा लेख एका शेती संशोधन केंद्राच्या १९८३–८४ च्या वार्षिक अहवालाकडे. तो अहवाल इंटरनेटवर कुठंच नव्हता.

“हाय आपल्याकडं,” बाई म्हणाल्या. “खालच्या कपाटात, उजवीकडं, तिसरी थप्पी.”

दुसऱ्या दिवशी दोघी वाचनालयात गेल्या. आताचे ग्रंथपाल शिवशरण यांनी कपाट उघडून दिलं, आणि अहवाल तिसऱ्या थप्पीतच निघाला. सात वर्षं ज्या बाईनं त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं, तिला थप्पी पाठ होती.

बाईंनी एकेचाळीसावं पान काढलं. सत्तर टक्के होतं. पण तो तक्ता रोगट प्लॉटचा होता. कुठला वाण टिकतो हे तपासायला केंद्रातले लोक एका तुकड्यात ही बुरशी मुद्दाम जोपासतात, आणि त्यात तुलनेसाठी लवकर मरणारा एक वाण लावतात. सत्तर टक्के झाडं मेली होती ती त्या वाणाची, त्या तुकड्यातली. जिल्ह्यातल्या शेतांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. २००१पासून एकानं दुसऱ्याचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं उतरवलं होतं.

सुधारानी मटकन खुर्चीत बसली. “बाई, माझा अर्जच गेला की.”

“वाच खाली,” बाई म्हणाल्या.

तक्त्याच्या तळाशी स्थानिक वाण होते. एक ओळ होती: ‘कोहिनूर स्थानिक. मेलेली झाडं अकरा टक्के. बी अपुरं, पुन्हा चाचणी आवश्यक.’ पुढच्या वर्षांचे अहवालही त्यांनी चाळले. ती चाचणी पुन्हा कधी झालीच नव्हती.

सुधारानीनं ती ओळ तीनदा वाचली. त्याच रोगट तुकड्यात, जिथं दुसरा वाण सत्तर टक्के मेला, तिथं तिच्या गावची तूर उभी होती. ती जन्मायच्याही आधी कुणीतरी कोहिनूरहून ते बी नेलं होतं, मोजलं होतं, पुन्हा बघा म्हणून लिहून ठेवलं होतं. एवढी वर्षं ती ओळ बंद कपाटात तिची वाट बघत होती, असंच तिला वाटलं. तिनं कागदावर नुसता हात ठेवला.

“आता हे एक दे,” बाई हलकेच म्हणाल्या. “तीन खोटे काढ, हे एक खरं ठेव. दोन कामं करतंय.”

भीती एकच होती. २००१चा लेख ज्यांचा, ते आता देशातले मोठे तज्ज्ञ. ते अनुदानाच्या समितीवर असले तर? त्यांचं नाव गाळायचं आणि वर त्यांचा आकडा चुकीचा म्हणायचं. सुधारानीनं हे बोलून दाखवलं.

“त्यांचं नाव ठेवलं तर कुठलं वाक्य टिकतंय त्याच्यानं?” बाईंनी विचारलं.

एकही नाही, हे तिला कळत होतं. तरी गुरुवारी दिवसभर ते नाव तिनं दोनदा घातलं आणि दोनदा काढलं. शेवटी अर्जाची सुरुवात तिनं अशी केली, की जिल्ह्याच्या नावानं सांगितला जाणारा आकडा हा रोगट प्लॉटचा आहे, त्याच तक्त्यात कोहिनूरचा वाण तगलेला आहे, आणि ही चाचणी पुन्हा झालेली नाही. संदर्भ क्रमांक एक, पान एकेचाळीस. पुढे आईच्या शेतातली मोजणी आली, प्रयोगाची आखणी ऐसपैस आली. एकूण नऊ संदर्भ. पंधरा शब्द शिल्लक राहिले. तिनं तिथं नलिनीबाईंचे आभार लिहिले.

कागद दाखवायला नेले तेव्हा बाईंनी त्यावर अंगठा ठेवला. “मी कुठल्या वाक्याचा आधार हाय?” असं म्हणून त्यांनी स्वतःचं नाव खोडलं आणि तिथं एका ओळीत मातीचे नमुने किती घेणार ते लिहायला लावलं. सुधारानीनं ते लिहिलं खरं, पण डोळे भरून आले होते.

दोन महिन्यांनी मुलाखतीला बोलावणं आलं. संगणकाच्या पडद्यावर पाच चेहरे होते आणि मधला चेहरा तिनं लेखांवरच्या फोटोतून ओळखला. २००१चे लेखक तेच. बाकीच्यांनी विचारायचं ते विचारलं. ते शेवटपर्यंत थांबले.

“तुमचा पहिला संदर्भ,” ते म्हणाले. “हा अहवाल तुम्ही स्वतः पाहिला आहे?”

सुधारानीनं अहवाल उचलला, एकेचाळीसावं पान उघडलं आणि कॅमेऱ्यासमोर धरला. ते गृहस्थ पुढे झुकले. बराच वेळ वाचत राहिले.

“मी पाहिला नव्हता,” ते म्हणाले. “मला कुणीतरी आकडा सांगितला होता, मी तो लिहिला. मग माझ्यावरून सगळ्यांनी लिहिला.” मग म्हणाले, “ह्या पानाची प्रत मला पाठवाल?”

अनुदान मंजूर झालं. पत्र आलं त्या दिवशी सुधारानी पेढे घेऊन बाईंकडे गेली आणि मुलाखतीत घडलेलं सगळं अक्षरन् अक्षर सांगितलं. रामाचार्य ऐकता ऐकता उठून उभे राहिले. बाईंनी पेढा हातात धरून सगळं ऐकून घेतलं.

“त्यांना प्रत पाठवलीस?”

“व्हय, पाठवली.”

“चाळीस आन् बेचाळीस पानंबी पाठव,” बाई म्हणाल्या. “नुसतं एक पान बघून त्यांनी पुन्हा लिहू नये.”