शेऱ्याची घसरलेली ओळ

जूनचा दुसरा सोमवार, सकाळी अकरा. लातूर, क्लासचं ऑफिस. हजर : क्लासचे सर, कंधारहून आलेले एक गुरुजी, त्यांची मुलगी आणि प्रवेशाचे तक्ते भरणारी मी.

मुलीला नववीची पहिली, म्हणजे हुशार मुलांची, बॅच हवी होती. शनिवारी लागलेल्या यादीत ती दुसऱ्या बॅचमध्ये होती.

"गणितात ब्याण्णव, अ-१," गुरुजी म्हणाले. "आणि दुसरी बॅच?"

सरांनी मी भरलेला तक्ता पुढे सरकवला. "पुढचं वाचा. शेरा : चुका फार, सराव हवा. गुण कोणी दिले?"

"मी. तिच्या शाळेत गणित मीच शिकवतो."

"मग बरोबर. लेकीला गुण वाटले, शेरा मात्र खरा लिहिला."

मुलीने मान खाली घातली. गुरुजींचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "हा शेरा माझा न्हाई. ह्या बाईंनी कुठून आणला इचारा."

"तुम्ही पाठवलेल्या प्रगतिपुस्तकाच्या फोटोत आहे तेच उतरवलंय मी," मी तुटकपणे म्हणाले.

त्यांनी पिशवीतून मूळ प्रगतिपुस्तक काढून माझ्या पुढ्यात आपटलं. गणित, ९२, अ-१, मांडणी चोख. त्याच्या वरची ओळ इंग्रजीची : ५८, क-१, चुका फार, सराव हवा.

मी मोबाईलवर आलेला तो फोटो उघडला आणि स्क्रीनवर पट्टी टेकवली. फोटो उजवीकडे किंचित खाली कलला होता. विषयापासून सरळ नजर नेली तर गुण आणि श्रेणी त्याच ओळीतले मिळत होते. शेऱ्याचा रकाना सगळ्यात शेवटी, तिथे पोचेपर्यंत वरची ओळ समोर येत होती. पहिल्या विषयासमोर नुसतं मथळ्यातलं 'शेरा' आलं, म्हणून तो चौकोन मी कोरा सोडला होता. तळाशी शारीरिक शिक्षणाचा शेरा उरला, तो मी तक्त्याच्या सर्वसाधारण शेऱ्यात बसवला : मैदानावर चपळ. तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबले नव्हते.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"बाई, पट्टी शनिवारी कुठं होती?" गुरुजींनी विचारलं.

सर म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून पहिल्या बॅचला बसवा."

"आधी ते गुण वाटल्याचं परत घ्या. पोरीदेखत बोललात."

सर फाईल चाळत राहिले. गुरुजींनी प्रगतिपुस्तक पिशवीत घातलं. "चल पोरी. कंधारची गाडी हाय." दारातून मुलीने भिंतीवरच्या यादीकडे एकदा पाहिलं.

ती दोघं परत आली नाहीत. तिचं नाव मी यादीतून कमी केलं. फोटोंवरून उतरवलेले बाकीचे तक्ते पट्टी लावून तपासायचे, असं त्याच दुपारी वहीत लिहिलं. त्या ओळीवर अजून काट मारलेली नाही.