नवव्या स्लाइडखालची नोट

तलासरीच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात नियम होता: अंगणवाडी सेविकांसमोर जाण्याआधी प्रत्येकाच्या स्लाइड्स दोन सहकाऱ्यांनी तपासायच्या. तक्ता एका पानाचा. मुख्य संदेश एका वाक्यात सांगता येतो का, मांडणी ओघात आहे का, स्लाइडवर गर्दी तर नाही ना आणि बोलणाऱ्यासाठीच्या नोट्स नीट आहेत का. प्रत्येक मुद्द्याला तीनपैकी गुण, खाली शेरा.

मी सगळ्यांचं मन लावून तपासायचे. 'या स्लाइडवर तीन मुद्दे आहेत, दोन काढा', 'नोट्समध्ये स्लाइडवरचंच पुन्हा लिहिलंय', असे शेरे द्यायचे. मला मात्र सगळीकडे तीन आणि शेरा 'छान'.

"ताई, तुमचं काय बघायचं? परफेक्टच असतं," माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई म्हणायच्या. मग डबे उघडायचे, गप्पा गुजरातीकडे वळायच्या आणि मी आपली भाजी चिवडत बसायचे. मी साताऱ्याकडची. डहाणूत भाड्याची खोली. आपण बरं, आपलं काम बरं, असं म्हणायला ठीक असतं. रविवारी संध्याकाळी ते अजिबात ठीक वाटत नाही.

एकदा बाळांच्या वजनावरच्या स्लाइड्स करताना, माझं कुणीच वाचत नाही याचा मला संताप आला. नवव्या स्लाइडवर वजनकाट्याचा फोटो होता. खालच्या नोटमध्ये 'आधी काटा शून्यावर आणा' असं लिहिलं आणि पुढे भर घातली, 'हे वाचत असाल तर मला एखाद्या रविवारी घरी बोलवा. रविवार फार मोठा असतो.'

दोन्ही तक्ते परत आले. नोट्सना तीनपैकी तीन. छान.

पुढच्या बॅचच्या दिवशी मला तालुक्याच्या बैठकीचा अहवाल तयार करायचा होता, म्हणून माझ्या स्लाइड्स सादर करायचं काम त्याच शेजारच्या बाईंकडे गेलं. नोट काढून टाकायला हवी होती, कळत होतं. काढली नाही. काम लवकर उरकलं तेव्हा मी हॉलमध्ये मागच्या रांगेत जाऊन बसले.

पडद्यावर काटा आला. नोट्स फक्त लॅपटॉपवर दिसत होत्या. बाई "आधी काटा शून्यावर..." म्हणाल्या आणि थांबल्या. मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि दहावी स्लाइड लावली.

जेवताना त्या माझ्या समोरच होत्या. बोलल्या आंब्याच्या लोणच्याबद्दल.

संध्याकाळी टेबलावर त्यांनीच भरलेला माझा जुना तक्ता होता. नोट्सपुढचा तीन खोडून दोन केलेला, खाली त्यांच्या सुबक अक्षरात शेरा: 'नववी नोट विषयाशी संबंधित नाही.'

पहिल्यांदाच कुणीतरी माझं नीट वाचलं होतं, आणि शेरा बरोबरही होता. मी ती नोट काढली, फाइल सेव्ह केली. रविवारी पारनाक्याला समुद्रावर गेले, अंधार पडेपर्यंत बसले, आणि दिवसभरात माझ्याशी बोलला तो फक्त भेळवाला.